लग्नघरातील थट्टागीत : चाल, लक्ष्य आणि मर्यादा

प्रास्ताविक

‘संगीत’ हा शब्द मराठी रसिकाला प्रथम संगीत नाटकाची आठवण करून देतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले आणि हा शब्द नाटकाच्या नावाआधी बसू लागला. गेल्या काही दशकांत मात्र त्याला दुसराही एक अर्थ प्राप्त झाला आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा दोन-तीन दिवस आधी दोन्हीकडची मंडळी जमतात, नाचतात, गातात आणि वधूवरांवर बेतलेली छोटी नाटुकली सादर करतात. या कार्यक्रमालाही आता ‘संगीत’ म्हणतात. ही प्रथा उत्तर भारतातून, विशेषतः पंजाबी लग्नघरांतून आणि हिंदी चित्रपटांतून आपल्याकडे आली. तिच्यासाठी लागणारे लेखन मात्र बहुधा घरातच होते. ‘तू मराठी घेऊन बी.ए. करतो आहेस ना, मग चार ओळी लिहून दे’ अशी फर्माईश आपल्यापैकी अनेकांना झाली असेल, किंवा लवकरच होईल.

हे लेखन दिसते तितके सोपे नाही. विडंबनगीताची ओळ चुकली तर कवीचे नुकसान होते. येथे ओळ चुकली तर ती एखाद्या सासूच्या, मेहुण्याच्या किंवा नव्या सुनेच्या मनात वर्षानुवर्षे राहते. दोन्ही घरांना हसवणारी आणि कोणत्याही घराला न बोचणारी ओळ कशी घडते, हे या भागात आपण एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहणार आहोत.

जुनी थट्टा आणि आजचा रंगमंच

लग्नातील थट्टा आपल्याला नवी नाही. उखाण्यात नाव घेताना वधूवर एकमेकांची गोड खोडी काढतात. रुखवत मांडताना आणि विहिणींच्या पंगतीत म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांमधून वरमाईला टोमणे मारले जात, आणि तेही तिच्या तोंडावर. उत्तर भारतात तर जेवायला बसलेल्या वऱ्हाडाला गाण्यातून शिव्या देण्याची ‘गारी’ नावाची रीतच आहे. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’तील रामविवाहाच्या वर्णनातही तिचा उल्लेख येतो. मग पूर्वी जे चालले ते आज का बोचावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर शब्दांत नसून मांडणीत आहे. जुन्या थट्टेत दोन्ही बाजू समोरासमोर असत. एकीने टोमणा मारला की दुसरी तेथल्या तेथे उलट ओळ जोडी. टोमणा हा खेळाचा पहिला डाव होता आणि त्याला उत्तर देण्याचा हक्क प्रत्येकीला होता. शिवाय ओळी ठरावीक साच्याच्या असत. त्या कोणत्याही विहिणीला लागू पडत, म्हणून कोणत्याच एका विहिणीला लागत नसत. आजच्या संगीतात एक बाजू महिनाभर तालीम करून, ध्वनिवर्धक हातात घेऊन व्यासपीठावर उभी असते आणि दुसरी खुर्च्यांवर बसलेली असते. तिला उत्तर देता येत नाही, तिने फक्त हसायचे असते. ओळी साच्याच्या नसतात. त्या नेमक्या या मुलाविषयी, या मुलीविषयी, या आईविषयी असतात. आणि समोर पाच-पंचवीस मोबाइल फोन ते सारे टिपून घेत असतात. उत्तर देण्याची सोय गेली, साचा गेला आणि विस्मरणाचीही सोय गेली. म्हणून जुन्या विहिणींच्या गाण्यातील तिखटपणा जसाच्या तसा उचलून आजच्या व्यासपीठावर ठेवणे योग्य होत नाही.

विडंबन कशाचे?

विडंबन म्हटले की आपल्याला ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्रे यांनी लिहिलेला ‘झेंडूची फुले’ हा संग्रह आठवतो. तेथे लक्ष्य कविता हेच होते. समकालीन कवींच्या, विशेषतः रविकिरण मंडळाच्या, लकबी आणि संकेत यांची त्यात थट्टा आहे. मूळ कविता ठाऊक नसेल तर तिच्या विडंबनाची अर्धी गंमत हरवते. लग्नातील गीत याहून वेगळ्या जातीचे असते. ते एखादी परिचित चाल उसनी घेते, पण त्या गाण्याची थट्टा करीत नाही. चाल हे वाहन असते आणि लक्ष्य असते वधूवरांचे सहजीवन. काटेकोर अर्थाने याला विडंबन न म्हणता ‘चालीवर बेतलेले थट्टागीत’ म्हणावे. तरी व्यवहारात विडंबन हाच शब्द रूढ आहे आणि त्याविषयी हट्ट धरण्याचे कारण नाही.

मात्र उसन्या चालीबरोबर मूळ शब्दांची सावलीही येते, हे नवखे लेखक विसरतात. चाल वाजू लागताच श्रोत्याच्या मनात मूळ गाणे सुरू होते आणि आपले शब्द त्याच्यावर पडतात. शृंगारिक लावणीच्या चालीवर होणाऱ्या सासूबाईंचे कौतुक लिहिले, तर शब्द कितीही सोज्ज्वळ असले तरी सभागृहातील अर्धी मंडळी भलत्याच कारणाने हसतात. विरहगीताची चाल पाठवणीच्या आदल्या रात्री मुलीच्या आईला रडवते. आरतीच्या चालीवरील थट्टा काही घरांत सहज खपते, काही घरांत अजिबात नाही. म्हणून चाल निवडताना एकच प्रश्न विचारावा : मूळ गाण्याचा प्रसंग आपल्या विषयाला मदत करतो का? करीत असेल तर निम्मे काम चालच करून टाकते. आपल्या उदाहरणात आपण भूपाळी घेणार आहोत. भूपाळी ही देवाला जागे करण्याची रचना. नऊ वाजेपर्यंत झोपणाऱ्या वराला ती वाहिली की एक शब्दही न लिहिता हसू फुटते, आणि त्या हसण्यात कोणाचा अवमान नसतो.

सामग्री गोळा करणे

समजा, आपल्याला सुहास आणि रेवा या कल्पित जोडप्यासाठी गीत लिहायचे आहे. नातेवाइकांकडे विचारपूस केली की भराभर माहिती मिळते. सुहास उशिरा उठतो. तो एका परीक्षेत दोनदा नापास झाला होता. त्याचे केस विरळ होत चालले आहेत. त्याची आई अजूनही त्याचा डबा भरून देते. रेवा कोठेही जायचे तर फार आधी पोहोचते. तिला स्वयंपाक येत नाही. तिचे आधी ठरलेले एक लग्न मोडले होते.

या यादीतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर हशा मिळू शकतो, आणि म्हणूनच निवड हवी. मोडलेले लग्न आणि नापास होणे या घटना आहेत. त्या भोगलेल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल समोरच्या घरात किती बोलले गेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. केसांविषयीची ओळ देहाविषयीची ओळ होते आणि ती बदलणे त्याच्या हाती नसते. स्वयंपाक न येणे ही वरवर निरुपद्रवी थट्टा वाटते, पण ती रेवाच्या सासरचे लोक ऐकत असताना म्हटली की तिचा अर्थ ‘मुलीला शिकवले नाही’ असा होतो आणि तो तिच्या आईच्या वाट्याला जातो. डब्याची गोष्ट सुहासच्या आईच्या मायेची असली तरी ओळीत येताच ती तिच्यावरचा आरोप होते. उरतात दोनच गोष्टी : उशिरा उठणे आणि फार आधी पोहोचणे.

या दोन का चालतात? एक तर दोघेही त्या स्वतःच हसत हसत चारचौघांत सांगतात. निवडीची सर्वांत भरवशाची कसोटी हीच आहे. जी गोष्ट माणूस स्वतःविषयी स्वतः सांगतो, तीच दुसऱ्याने सांगावी. दुसरे म्हणजे त्या एकाच विषयाच्या, वेळेच्या, दोन बाजू आहेत आणि वजनाने सारख्या आहेत. एकाचा दोष आणि दुसरीचा गुण अशी जोडी लावली असती तर एक घर उंचावर आणि दुसरे खाली गेले असते. येथे दोघेही घड्याळाचे सारखेच गुन्हेगार आहेत.

पहिला खर्डा

आता ओळी पाहू. आठ आठ मात्रांचे दोन टप्पे असलेली ओळ भूपाळीच्या संथ चालीला सोयीची पडते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराची दोन, हे आपण छंदोरचनेच्या घटकात शिकला आहात. पहिला खर्डा असा होऊ शकेल :

उठ उठ राजा, नऊ वाजले,
आईने तव लाड पोसले;
सून येउनी उठविल आता,
संपव साऱ्या सबबी, बाता.

मात्रा बरोबर आहेत, यमके स्वच्छ आहेत आणि सभागृहात हशाही येईल. तरीही हा खर्डा फाडून टाकण्याजोगा आहे. का, ते कळण्यासाठी एक साधी परीक्षा घ्यावी : ओळीतून विनोद काढून घेतला तर मागे कोणते विधान उरते? पहिल्या ओळीतून उरते, ‘मुलगा उशिरा उठतो.’ त्यावर कोणाची हरकत नाही. दुसरीतून उरते, ‘आईने मुलाला बिघडवले.’ तिसरीतून उरते, ‘सुनेचे काम नवऱ्याला उठवणे.’ चौथीतून उरते, ‘तो सबबी सांगतो.’ चार ओळींत एका आईवर ठपका आला, एका मुलीवर जबाबदारी आली आणि मुलगा खोटारडा ठरला. शिवाय रेवाचे नावही कोठे नाही. ती केवळ ‘सून’ म्हणून आली आहे. तिचे आईवडील पहिल्या रांगेत बसून हे ऐकतील तेव्हा ते हसतील, पण एकमेकांकडे पाहून, मग हसतील.

दुरुस्ती

दुसऱ्या खर्ड्यात आपण एकच बदल तत्त्व म्हणून स्वीकारू : दोष माणसांकडून काढून वस्तूंकडे द्यायचा. आईऐवजी गजराच्या घड्याळाला बोलू द्यायचे, सुनेऐवजी आगगाडीला.

उठ उठ राजा, नऊ वाजले,
गजर बिचारे पाच भागले;
रेवा बसली स्थानकावरी,
गाडी अजुनी आपुल्या घरी.

एका दारी पहाट प्यारी,
दुसऱ्या दारी रात्रच न्यारी;
मधल्या वेळी चहा उकळतो,
दोन घड्याळे तोच जुळवतो.

‘गजर बिचारे | पाच भागले’ या ओळीच्या मात्रा मोजून पाहा : ग-ज-र तीन, बि-चा-रे पाच, पाच या शब्दाच्या तीन, भागले याच्या पाच. दोन्ही टप्पे आठांचे झाले. आईची ओळ गेली आणि तिच्या जागी थकलेले गजर आले; यमक तेच राहिले. आता सुहासवर हसताना आपण खरे तर त्या पाच गजरांची कीव करीत असतो. रेवाच्या ओळीतही तसेच आहे. ‘ती उगाच घाई करते’ असे विधान न करता गाडीच अजून तिच्या घरून निघालेली नाही, असे म्हटले आहे.

दुसऱ्या कडव्यात दोन घरे येतात, आणि धोका येथेच अधिक असतो. वधूपक्षाकडून गीत लिहिणारा सहज ‘आमुच्या दारी’ आणि ‘तुमच्या दारी’ असे लिहून जातो. या दोन सर्वनामांनी सभागृहाची दोन भागांत वाटणी होते आणि मग पहाट चांगली की रात्र चांगली, असा निवाडा ऐकू येऊ लागतो. ‘एका दारी’ आणि ‘दुसऱ्या दारी’ म्हटले की निवाडा थांबतो. विशेषणेही तोलून घ्यावी लागतात. पहाटेला ‘प्यारी’ म्हटले तर रात्रीला ‘काळी’ म्हणून चालणार नाही. तिच्याही वाट्याला ‘न्यारी’सारखा कौतुकाचाच शब्द आला पाहिजे. शेवटच्या दोन ओळींत कोणीही कोणासाठी बदलत नाही, हे लक्षात घ्या. ‘आता तो लवकर उठेल’ किंवा ‘आता ती धीर धरील’ असा शेवट सोपा होता, पण त्यात एका घराची रीत जिंकली असती.

नावांविषयी एक व्यावहारिक सूचना. ‘रेवा’ आणि ‘सुहास’ या दोन्ही नावांच्या चार मात्रा होतात, म्हणून अर्ध्या टप्प्यात ती बसतात. ‘ऐश्वर्या’सारखे सहा मात्रांचे नाव असेल तर टप्प्यातील उरलेल्या दोन मात्रा ‘तर’, ‘ही’ अशा हलक्या शब्दाने भराव्यात; नाव तोडूमोडू नये. घरातील लाडके नाव अधिक सोयीचे वाटले तरी ते विचारल्याशिवाय वापरू नये. काही नावे घराच्या उंबरठ्याच्या आतलीच असतात.

नाटुकलीचे संवाद

गीतापेक्षा नाटुकलीत चूक लवकर होते, कारण तेथे नक्कल येते. होणाऱ्या सासऱ्यांची चालण्याची ढब, मामांचे बोलणे, दुसऱ्या घरची मालवणी किंवा वऱ्हाडी यांची नक्कल उत्तम वठली की अधिक बोचते. यावर जुनाच उपाय आहे : पात्रे म्हणून नातेवाईक न घेता वस्तू घ्याव्यात. आपल्या जोडप्यासाठी वराकडचा एक भाऊ गजराचे घड्याळ होतो आणि वधूची एक मैत्रीण स्थानकावरचा बाक होते.

गजर : सहाला वाजलो. सव्वासहाला वाजलो. साडेसहाला वाजताना माझाच घसा बसला हो!
बाक : मग उठले का साहेब?
गजर : उठले ना. मला उशीखाली कोंबण्यापुरते.
बाक : आमच्या ताईंचं अगदी उलट. सातच्या गाडीला पाचला हजर. चहावाला विचारतो, ‘ताई, रात्रीची शेवटची गाडी चुकली का?’
गजर : अहो, मग या दोघांची भेट झाली तरी कशी?
बाक : त्या दिवशी सातची गाडी नऊला आली. ताई पाचपासून बसलेल्या, साहेब नऊला धावत आले. आणि दोघांनाही वाटलं, आपण अगदी वेळेवर आलो!

येथे हशा शेवटच्या वाक्यावर येतो आणि तो दोघांचा मिळून असतो. आणखी एक गोष्ट पाहा. सुहासची खोडी त्याच्याच घरचा गजर काढतो आणि रेवाची खोडी तिचीच मैत्रीण काढते. आपल्या माणसाची थट्टा आपल्याच बाजूने व्हावी. समोरच्या बाजूने फक्त प्रश्न विचारावेत किंवा आश्चर्य करावे. हेच संवाद अदलाबदल करून, म्हणजे वधूच्या मैत्रिणीने सुहासच्या झोपेविषयी, म्हणून पाहिले तर शब्द तेच राहून सूर तक्रारीचा होतो. घरी मोठ्याने वाचून हा फरक अवश्य अनुभवावा. अशी नाटुकली पाच-सहा मिनिटांत आटोपावी. लांबली की कलाकार पदरचे विनोद घालू लागतात, आणि बहुतेक अपघात या आयत्या वेळच्या वाक्यांनीच होतात.

तालमीत काय पाहावे

संहिता तयार झाली की दोन्ही घरांतील एकेका जाणत्या व्यक्तीला ती आधी वाचून दाखवावी. ‘चालेल का?’ असे विचारू नये, कारण लग्नघरात या प्रश्नाला सारे ‘चालेल’ असेच म्हणतात. ‘यातली कोणती ओळ काढू?’ असे विचारावे. मग उत्तर मिळते, आणि जी ओळ सांगितली जाईल ती वाद न घालता काढावी. वधूवरांपुढे मात्र सारे उघड करण्याची गरज नाही. ‘तुझ्या उशिरा उठण्याविषयी आहे’ एवढा विषय सांगून त्यांची संमती घ्यावी, ओळी गुपित ठेवाव्यात.

तालमीत हशा कोठून येतो याकडे लक्ष द्यावे. केवळ एकाच बाजूची मंडळी हसत असतील तर ओळ झुकलेली आहे. ज्याच्याविषयी ओळ आहे तो आधी इतरांकडे पाहून मग हसत असेल, तर ती त्याला लागली आहे. तो उलट ‘अरे, त्या दिवशी तर आणखीच गंमत झाली’ असे म्हणून स्वतःची भर घालू लागला, तर ओळ निःशंक ठेवावी.

काही घरांत हे लेखन करूच नये. वर्षाच्या आत कोणी निवर्तले असेल, किंवा खर्चाच्या वाटणीवरून बोलाचाली झालेली असेल, तर कितीही निर्मळ ओळीत लोक टोमणा शोधतात. अशा वेळी उखाण्यांवर भागवावे. उखाण्यात बोलणारा स्वतःविषयीच बोलत असतो.

स्वाध्याय

१. पुढील ओळ पाहा : ‘बाबांनी तर दिली पाकिटे, जावइबापू मोजत बसले.’ विनोद काढून घेतल्यावर यातून कोणकोणती विधाने उरतात ते लिहा. त्यानंतर त्याच मात्रांत, पैसे आणि वडील दोन्ही वगळून, ही ओळ नव्याने रचा.

२. आपल्या परिचयातील एका विवाहित जोडप्याने स्वतःविषयी चारचौघांत सांगितलेल्या दोन सवयी निवडा. त्या वजनाने सारख्या आहेत का, ते तपासा. त्यांच्यावर आठ-आठ मात्रांच्या चार ओळी लिहा, आणि निवडलेल्या चालीच्या मूळ गाण्याचा प्रसंग आपल्या विषयाला कशी मदत करतो ते दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा.